रजिस्टर नंबर अकराशे चौऱ्याहत्तर

शेंदवाड्याच्या हायस्कूलच्या ऑफिसात सोमवारी सकाळी अकरा वाजता कौतिक झिपरू बोरसे आला. सोबत मुलगी हर्षदा. कौतिकची बाजारपेठेत पिठाची गिरणी आहे. अंगावर धुतलेला शर्ट होता, पण भुवयांवर पीठ तसंच होतं.

"या कौतिक आप्पा," क्लार्क मंगला अहिरे म्हणाल्या. "दळण घेऊन आले की दळण द्यायला?"

"दाखला घेऊन आलो ताई."

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. जून १९८३. इयत्ता आठवी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव: बोरसे कौशिक झिपरू.

मंगलाताईंनी दाखल्याकडे पाहिलं, मग कौतिककडे. "हे कोण?"

"मीच."

"आणि बेचाळीस वर्षं कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं होतं की. पण गिरणीवर कुणी दाखला मागतं का? पेटीत पडला होता."

पुढचं हर्षदाने सांगितलं. नर्सिंगला तिचा नंबर राखीव जागेवर लागला होता, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंत कॉलेजात द्यायचं होतं. नाही दिलं तर जागा जाणार. समितीने अर्ज तपासला आणि त्रुटी काढली: मुलीच्या सगळ्या कागदांवर वडिलांचं नाव कौतिक, वडिलांच्या दाखल्यावर मात्र कौशिक. दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत शाळेकडून दाखला दुरुस्त करून सादर करावा.

"प्रतिज्ञापत्र दिलं होतं मी," हर्षदा म्हणाली. "ते म्हणाले, ते ठेवा, पण दाखला आणा."

"आज तारीख?"

"चार ऑगस्ट."

मंगलाताईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. रजिस्टरात कौतिक असेल आणि दाखला लिहिताना चूक झाली असेल, तर काम सोपं होतं. मुख्याध्यापिका रजिस्टर पाहून नवा दाखला देऊ शकत होत्या. त्यांनी नंबर अकराशे चौऱ्याहत्तर काढला आणि बोट ठेवलं. सुबक, किंचित तिरकं अक्षर. कौशिक.

"रजिस्टरातच तसं आहे. म्हणजे आमच्या हातात नाही. शाळा सोडलेल्या मुलाची नोंद आम्ही परस्पर बदलू शकत नाही. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा. त्यांची मंजुरी आली की मग दुरुस्ती."

"पाठवा ना मग."

"नुसता पाठवून होत नाही. लिहिणाऱ्याची चूक होती हे कागदाने दाखवावं लागतं. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि आवडेल ते नाव लावून घेईल. जन्माची नोंद आहे?"

कौतिकने ग्रामपंचायतीचा उतारा पुढे केला. जन्म १९६९, वडील झिपरू, लिंग पुरुष. नावाचा रकाना कोरा.

"बारशाआधीच नोंद केली होती बापाने," कौतिक म्हणाला. "नंतर कोण जातं?"

"पहिली ते चौथी कुठे?"

"इथलीच जिल्हा परिषदेची शाळा. काल गेलो होतो. एकोणऐंशीच्या आधीची रजिस्टरं वाळवीने खाल्ली. हेडमास्तरांनी तसं लिहून दिलंय."

मंगलाताईंनी ते पत्र वाचून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पाचवीला इथे येताना तुम्ही चौथीचा दाखला दिला असेल. तो परत देत नाहीत, शाळेतच राहतो. आमचे नाईक भाऊसाहेब कागदाचा तुकडासुद्धा फेकत नव्हते. पण त्यांनी गठ्ठे कसे लावलेत ते त्यांनाच ठाऊक."

"नाईक भाऊसाहेब?" हर्षदा हसली. "म्हणजे कौशिकवाले आजोबा?"

मूळचे रत्नागिरीकडचे नाईक भाऊसाहेब १९७८ साली या शाळेत लेखनिक म्हणून आले आणि दोन हजार साली निवृत्त होऊन इथेच राहिले. वय त्र्याऐंशी. दर गुरुवारी पाच किलो गहू घेऊन गिरणीवर यायचे आणि गावातले ते एकटेच कौतिकला कौशिक म्हणायचे. कौतिकला वाटे, म्हातारा लाडाने म्हणतो. आज रजिस्टर पाहून त्याला त्याचं कारण कळलं होतं.

संध्याकाळी चारला भाऊसाहेब ऑफिसात आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी टेबलावर बोट फिरवून धूळ पाहिली.

"एकोणऐंशी, पाचवी? डावं कपाट, खालचा कप्पा, हिरवं बासन. गठ्ठा तीन."

होता. चौदावा कागद: जिल्हा परिषद शाळेचा दाखला, बोरसे कौतिक झिपरू. कौतिकच्या त-ला पेन्सिलीने बारीक गोल होता आणि समासात तितक्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शुद्ध केले. ना.'

"भाऊसाहेब," मंगलाताई म्हणाल्या, "हे काय?"

"शुद्ध केलं. त्यात काय? खेड्यातले मास्तर घाईत काहीही लिहीत. कौतिक असं नाव असतं का? मला वाटलं, कौशिक लिहायचं असणार."

"आमच्या गल्लीत तीन कौतिक आहेत भाऊसाहेब," कौतिक म्हणाला.

"ते मला नंतर कळलं."

"कधी?"

"ऐंशी साली." भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा मी शुद्ध करणं बंद केलं."

हर्षदाने कागद हातात घेतला. "आणि आजोबा, झिपरू कसं राहिलं? ते नाही शुद्ध केलं?"

"पालकाचं नाव बदलणं माझ्या अधिकारात नव्हतं," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले.

कौतिक मान खाली घालून हसला. हर्षदाला तर बाहेर व्हरांड्यात जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रस्ताव तयार झाला. कौतिकचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड, रजिस्टरचा साक्षांकित उतारा, चौथीचा दाखला, वाळवीचं पत्र, मुख्याध्यापिका खैरनार मॅडमचा अभिप्राय. मंगलाताई स्वतः एसटीने जिल्ह्याला गेल्या आणि आवक नंबर घेऊन आल्या. कौतिकने त्या नंबराची चिठ्ठी गिरणीच्या मोटरवर चिकटवली.

अठ्ठावीस ऑगस्टला प्रस्ताव परत आला. वर एक ओळ: 'चौथीच्या दाखल्यावरील पेन्सिलीची नोंद कोणी व का केली, याचा खुलासा सादर करावा. हेतुपुरस्सर बदल असल्यास प्रस्ताव मान्य करता येणार नाही.'

मंगलाताईंनी ती ओळ कौतिकला वाचून दाखवली. "सरळ आहे. नजरचूक असेल तर दुरुस्ती. पण तेव्हा तुमच्या घरच्यांच्या सांगण्यावरून मुद्दाम बदललं असेल, तर ते नाव बरोबरच धरलं जातं. भाऊसाहेबांनी लिहून द्यायला हवं की ही त्यांची चूक होती."

"चूक?" कौतिकने डोक्याला हात लावला. "ते देतील?"

गुरुवार होता. भाऊसाहेब गहू घेऊन गिरणीवर आलेच. कौतिकने मोटर बंद केली, दळणाच्या रांगेतल्या बायकांना थांबायला सांगितलं आणि डबा उलटा ठेवून भाऊसाहेबांना बसवलं. हर्षदाने कागद आणि पेन पुढे केलं.

भाऊसाहेबांनी लिहिलं. लेखी मसुद्याला त्यांना कधी वेळ लागत नसे. 'मी, सेवानिवृत्त लेखनिक, सदर नोंद सुधारणा म्हणून केली होती.'

हर्षदाने वाचलं. "आजोबा, सुधारणा नाही चालत. सुधारणा म्हणजे मुद्दाम केलं. चूक लिहा."

"बावीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एकही चूक निघाली नाही. तपासणीला साहेब यायचे ते माझं रजिस्टर दुसऱ्या शाळांना दाखवायला न्यायचे."

"साहेबांना काय माहीत कौतिक कोण ते," रांगेतली एक बाई म्हणाली.

"तुम्ही दळण घ्यायला आलाय की साक्ष द्यायला?" भाऊसाहेब म्हणाले.

"गिरणी बंद आहे भाऊसाहेब. दोन्ही करू."

कौतिक त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "भाऊसाहेब, मी काही बोललो का इतकी वर्षं? तुम्ही कौशिक म्हणा, आयुष्यभर म्हणा. मला राग नाही. पण तीस सप्टेंबरला पोरीची जागा जाते. गेली तर पुढच्या वर्षी फी झेपेल का, मला माहीत नाही."

पेन हातात धरून भाऊसाहेबांनी रांगेतल्या डब्यांकडे पाहिलं, मग हर्षदाकडे.

"नर्सिंग म्हणजे इंजेक्शन बिंजेक्शन?"

"हो."

"माझ्या बायकोला साखर आहे. रोजचं इंजेक्शन घ्यायचं. माझा हात थरथरतो."

"मी येते ना रोज सकाळी. पण आजोबा, हा काही सौदा नाही. तुम्ही नाही लिहिलं तरी येईन."

म्हाताऱ्याने मान हलवली. पहिला कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसरा घेतला. हात खरंच थरथरत होता, पण अक्षर तेच होतं, सुबक, किंचित तिरकं. 'पालकांनी असा कोणताही बदल सुचवला नव्हता. स्थानिक नावांची माहिती नसल्याने माझ्याकडून नोंद घेताना चूक झाली.' खाली पूर्ण सही. तारीख.

"चूक शब्दाखाली रेघ मारू का?" त्यांनी विचारलं.

"नको," हर्षदा म्हणाली. "एवढं पुरे."

मंगलाताई दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याला गेल्या. तिथल्या टेबलावरच्या माणसाने खुलासा दोनदा वाचला आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? छापल्यासारखं आहे. मंगलाताईंनी ते भाऊसाहेबांना सांगितलं नाही. नाहीतर ते पुढचा महिनाभर सगळ्यांना तेच सांगत बसले असते.

मंजुरीचा आदेश सोळा सप्टेंबरला आला. खैरनार मॅडमनी रजिस्टर उघडलं. 'कौशिक'वर लाल शाईने एक आडवी रेघ, शेजारी 'कौतिक', शेरा रकान्यात आदेशाचा नंबर आणि तारीख, त्याखाली सही आणि शिक्का. भाऊसाहेब न बोलावता आले होते आणि टेबलाच्या कडेला उभे होते.

"एकच रेघ," ते म्हणाले. "खालचं वाचता आलं पाहिजे."

"हो भाऊसाहेब. तुमच्या काळात तोच नियम होता ना?"

"नियमच आहे. व्हाइटनर लावलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही."

जुना दाखला जमा झाला, नवा दाखला मिळाला. हर्षदाने तो त्याच दिवशी समितीकडे दिला. प्रमाणपत्र चोवीस तारखेला तिच्या हातात आलं आणि पंचवीसला कॉलेजात पोहोचलं.

हिरवं बासन मात्र अजून मंगलाताईंच्या टेबलावर आहे. गठ्ठा तीनमध्ये 'शुद्ध केले'चे आणखी अकरा कागद निघाले. त्यांनी यादी केली आहे, कुणाला सांगितलेलं नाही. जो येईल त्याचं बघू, असं मनाशी म्हणतात.

पुढच्या गुरुवारी भाऊसाहेब गिरणीवर आले. रांग मोठी होती. त्यांनी पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवली आणि मोटरच्या आवाजावर आवाज चढवून हाक मारली.

"कौतिक! बारीक दळ रे!"

आतून उत्तर आलं नाही. कौतिक पिठात हात घालून उभा होता. त्या आवाजात त्या नावाची त्याला सवय नव्हती.

"अरे कौतिक!"

रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, कौशिक म्हणा. त्याशिवाय ते बघणार नाहीत."