मागच्या वाटेने गेलेलं सामान

गल्लीच्या वळणावर, उर्मिलच्या हॉटेलच्या दारापाशी, एक दगडी कट्टा आहे. माणसाच्या कमरेपेक्षा थोडा उंच. सासऱ्यांनी तो हमालांसाठी बांधून घेतला होता. पाठीवर सामान बांधलेल्या माणसाला खाली बसता येत नाही. बसला तर उठणं अवघड. कट्ट्याला पाठ लावली की ओझं दगडावर टेकतं, दोर सैल होतो, आणि माणूस उभ्या उभ्या श्वास घेतो. शिमल्याच्या चढावर असे कट्टे जागोजागी आहेत, पण लक्कड बाजाराकडून वर येताना हा शेवटचा. त्याच्या पुढे नुसत्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या टोकाला उर्मिलच्या धाकट्या जावेचं, प्रोमिलाचं हॉटेल.

सासरे गेल्यावर दोघा सूद भावांनी घर वाटून घेतलं, तेव्हा खोल्या वाटल्या, भांडी वाटली, देवसुद्धा वाटले. कट्ट्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. खालचा मजला थोरल्याला, उर्मिलच्या नवऱ्याला गेला, त्याबरोबर कट्टाही गेला.

आणि प्रोमिलाचा जीव त्या कट्ट्यापाशी जळायचा.

सज्जात उभं राहिलं की सगळं दिसायचं. हमाल ओझं टेकवून घाम पुसतोय, मागून पाहुणे धापा टाकत येतायत, आणि उर्मिल बाहेर येतेय. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहा. "बसा हो, दम घ्या, कुठे पळून जातंय हॉटेल?" पाहुणे कट्ट्याशेजारच्या बाकावर बसायचे. मग वरच्या पायऱ्यांकडे बघायचे. मग एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी विचारायचं, तुमच्याकडे खोली आहे का हो? फोनवर प्रोमिलाशी बोललेले, तिच्याकडे खोली सांगून ठेवलेले लोक उर्मिलच्या दारात चपला काढायचे.

विपिन, तिचा नवरा, म्हणायचा, जाऊ दे, सख्खी माणसं आहेत. प्रोमिला म्हणायची, सख्खी आहेत म्हणूनच. परकी असती तर भांडून मोकळी झाले असते.

मुलगी झाल्यापासून तर तिला खाली जाऊन पाहुण्यांना आणणंही जमेना. मिनी आता आठ महिन्यांची झाली होती. तिला पाठीला शालीत बांधून प्रोमिला चादरी बदलायची, डाळ शिजवायची, फोन घ्यायची, आणि मधूनमधून सज्जात जाऊन खाली बघायची. बघू नये असं रोज ठरवायची.

त्या दिवशी कर्नालहून कालरा मंडळी येणार होती. आई, मुलगा, सून आणि त्यांचं तान्हं. दोन खोल्या पाच रात्रींसाठी. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक, आणि विपिन नेमका गीझरचं सामान आणायला सोलनला गेलेला. सकाळपासून तिच्या मनात एकच होतं, ही माणसं काही झालं तरी वर आली पाहिजेत.

मग तिने सत्तारला फोन केला. सत्तार कुलगामचा. खाली कार्ट रोडवर, माणसांना वर बाजारात नेणाऱ्या लिफ्टजवळ उभा राहणारा, दोन्ही हॉटेलांची ओझी वाहणारा. सगळे त्याला इतर काश्मिरी हमालांसारखंच खान म्हणायचे, पण तिच्या सासऱ्यांनी कायम नावाने हाक मारली म्हणून या घरात तो सत्तार होता. तिने सांगितलं, आज सामान मागच्या वाटेने आण. देवदारांतून, थेट माझ्या अंगणात.

सत्तार म्हणाला, "बहेनजी, त्या वाटेला टेकायला जागा नाही."

"चढ तरी कमी आहे ना?"

"चढ कमी आहे. पण वाट लांब आहे."

"मग काय झालं? तू काय आज पहिल्यांदा ओझं उचलतोयस?"

तो हसला की नाही ते तिला कळलं नाही. बरं, म्हणाला.

पाहुण्यांना तिने काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. गाडी खाली सोडून आलेला माणूस या गल्ल्यांमध्ये एवढंच करतो, आपल्या बॅगांवरची नजर न काढता हमालाच्या मागे चालतो. सामान जिथे जाईल तिथे पाहुणा जातो. हेच तर इतकी वर्षं ती वरून बघत आली होती.

दुपारी फोन आला, लिफ्टने वर आलोय, तुमचा माणूस भेटला. प्रोमिलाने खोल्यांमध्ये उशा नीट केल्या, सिड्डूचं, वाफवायच्या भरल्या रोट्यांचं, पीठ मळून ठेवलं, तुपाची वाटी ओट्यावर काढली. आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

कुणी येईना.

बऱ्याच वेळाने, नको नको म्हणत, ती पुढच्या सज्जात गेली. खाली कट्ट्याशेजारच्या बाकावर एक वयस्कर बाई पाय पसरून बसली होती. शेजारी तरुण नवरा-बायको. आणि उर्मिलच्या कडेवर त्यांचं पोर, गळा काढून रडणारं. ट्रे होता, चहा होता, सगळं होतं. फक्त सामान नव्हतं.

काय झालं असेल ते तिच्या लगेच लक्षात आलं. म्हातारीचे गुडघे. सत्तार ओझ्याच्या चालीने पुढे निघून गेला, ही माणसं मागे राहिली. मग बाजारात कुणाला तरी विचारलं असेल सूदांचं हॉटेल कुठे, आणि विचारलेल्याने कुणीही दाखवली असती तीच वाट दाखवली. हमाल वळवताना पाहुणे वळवायचे राहून गेले होते.

आता खाली जावं तर काय सांगायचं? सामान कुठे आहे विचारलं तर? आणि भाभीसमोर? तिने मिनीला पाठीवर घट्ट केलं आणि मागच्या वाटेने धावत सुटली. आधी सत्तारला गाठायचं. सामान एकदा अंगणात आलं की पाहुणे आपोआप वर येतील.

सत्तार फार लांब नव्हता. देवदाराच्या उतारावर, मुळाला टेकून, जमिनीवर बसलेला होता. पाठीला दोन मोठ्या सूटकेस, वर एक बॅग, बॅगेवर खाऊची टोपली, सगळं एका दोरात. चेहरा लालबुंद. समोरच्या फांदीवर दोन वानरं टोपलीकडे बघत बसली होती आणि सत्तार एका हाताने त्यांच्यावर खडे फेकत होता.

"पाय भरून आले," तो म्हणाला. "बसलो. आता उठता येत नाही. कुणी येईल म्हणून थांबलोय, पण इकडून येतं कोण?"

ओझं सोडून ठेव म्हणावं, तर सोडलेलं ओझं जमिनीवरून पुन्हा पाठीवर घ्यायलाही दुसरा माणूस लागतोच. आणि या वानरांपुढे मोकळ्या बॅगा टाकून जाणार कोण? प्रोमिलाने त्याचे दोन्ही हात धरून ओढलं. तो अर्धा उठला, पुन्हा बसला. मिनी पाठीवर हसायला लागली, तिला खेळ वाटला. दुसऱ्यांदा ओढताना प्रोमिलाचाच पाय घसरला.

"मागून लाव जोर, पुढून काय ओढतेस?"

उर्मिल होती. चढून आलेली, ओढणी कमरेला खोचलेली.

"त्या पोराचं दूध बॅगेत आहे," ती म्हणाली. "डब्यातली पावडर. हमाल पुढे गेला म्हणतात. माझ्या दारावरून तर गेला नाही. मग दुसरी वाट आहेच कुठली?"

उर्मिलने पुढे होऊन सत्तारचे हात धरले, प्रोमिलाने मागून सूटकेसला खांदा लावला. या वेळी तो उठला. क्षणभर तिघंही धापा टाकत उभी राहिली.

"माझा चहा एवढा सलतो तुला?" उर्मिलने विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"चहा नाही सलत, भाभी. माझी माणसं तुमच्याकडे राहतात, ते सलतं."

"मग? राहावीत म्हणूनच देते मी चहा." उर्मिल ओढणीने मान पुसत म्हणाली. "तुला काय वाटलं, पुण्य लागतं म्हणून? वाटणीत ऊन कुणाला मिळालं सांग बघू. तुझ्या सज्जात सकाळी नऊला ऊन येतं. माझ्या खोल्यांना दुपारपर्यंत दिवे लावावे लागतात. गाद्यांना बुरशीचा वास येतो. तू वर गाद्या वाळत घालतेस ना, मला खालून दिसतात. डोळे मिटून घेते मी. माझ्याकडे तो एक कट्टा आहे. तोसुद्धा तुला बघवत नाही."

हे प्रोमिलाने कधीच ऐकलं नव्हतं. आपल्या सज्जाकडे खालूनही कुणी बघत असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली, पण बरं वाटलं खरं.

"बहेनजी," सत्तार म्हणाला, "दोघींचं नंतर बोला. कुठे नेऊ ते सांगा. पुन्हा बसलो तर उठणार नाही."

वाट तिथून फुटत होती. सरळ गेलं की प्रोमिलाचं अंगण. डावीकडे उतरलं की उर्मिलचं मागचं दार.

"वर," प्रोमिला म्हणाली. मग थांबली. "बाळ काय करतंय?"

"गाईचं दूध पाणी घालून दिलंय थोडं. त्याच्या आजीनेच सांगितलं, घरी देतो म्हणून. आतल्या खोलीत टाकलंय त्याला. मी निघाले तेव्हा डोळे मिटत होतं. म्हातारीला पण पडायला सांगितलंय, तिचा गुडघा टम्म सुजलाय."

त्या दोघी बोलत असताना मिनीनेही प्रोमिलाच्या मानेवर डोकं टाकलं होतं. तिचा उष्ण, ओलसर श्वास कानामागे लागत होता. प्रवासातून आलेलं, उपाशी रडून थकलेलं मूल कसं झोपतं ते प्रोमिलाला माहीत होतं. आणि त्या झोपेतून कुणी उचललं की काय होतं तेही. सामान वर गेलं तर ती सून पोराला उचलून वर येईल. यायचं म्हणून येईल. सामान जिथे, तिथे पाहुणा.

तिच्या सज्जात अजून ऊन होतं. दोन्ही खोल्यांत पांढऱ्या चादरी ताणून घातलेल्या होत्या.

"खाली ने," ती सत्तारला म्हणाली.

उर्मिलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आजच्यापुरतं," प्रोमिला घाईने म्हणाली. "पोर झोपलंय म्हणून. उद्या सकाळी ऊन आलं की माझ्याकडे येतील. सगळी. त्यांनी माझ्याकडे खोल्या घेतल्यात."

"येतील की. नाश्ता करून येतील."

"नाश्ता माझ्याकडे आहे. सिड्डूचं पीठ मळून ठेवलंय."

"दे पाठवून पीठ खाली. मी करते, गरम गरम खातील."

"मुळीच नाही."

उर्मिल हसली. सत्तार ओझ्याखालून हसला, आणि तोल सांभाळत डावीकडे उतरायला लागला. उर्मिल त्याच्यामागे गेली, एक हात सूटकेसच्या खाली लावून. जाताना मागे न बघता म्हणाली, "सत्तारला उद्यापासून पुढच्या वाटेनेच पाठव. मेला असता आज बिचारा."

प्रोमिला एकटीच वर आली. मिनीला पलंगावर ठेवलं. खालून आवाज येत होते. सूटकेस ठेवल्याचा, नळाचा, मग उर्मिलचं हसणं, मग त्या कालरांच्या सुनेचंही. दोघी कशाला हसत होत्या कोण जाणे. तिला तिथे असावंसं वाटलं, आणि त्या हसूच नयेत असंही वाटलं.

मग तिने कपाटातून घरातल्या सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ दुलया काढल्या, उद्याच्या पाहुण्यांसाठी. आत पलंगावर घालायच्या ऐवजी त्या सज्जात आणल्या आणि कठड्यावर एकेक करून पसरल्या, जिथे शेवटचं ऊन पडत होतं, आणि जिथे त्या खालच्या कट्ट्यावरून नीट दिसतील.