पाच म्हणजे पाच

धाकटीने विचारलं तेव्हा दोघी ऑटोक्लेव्हचा, काचसामान वाफेने निर्जंतुक करायच्या त्या भांड्याचा, दाब उतरायची वाट बघत उभ्या होत्या. पाणी-तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत ती वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. पहिल्या आठवड्यात पडलेलं नाव चार वर्षं झाली तरी सुटलं नव्हतं.

"मॅडम, वरिष्ठ विश्लेषकाच्या जागेसाठी मी अर्ज केला तर चालेल का?"

प्रमुख मॅडमनी दाबाच्या काट्यावरची नजर हलवली नाही. "जाहिरात वाचलीस ना? किमान पाच वर्षं अनुभव. तुझी चार झालीत."

"हो, पण घरी ताई म्हणत होती, विचारून तर बघ."

"अगं, पाच म्हणजे पाच. उगाच अर्ज करायचा, नकार घ्यायचा आणि मग महिनाभर तोंड पाडून बसायचं. पुढच्या खेपेला बघू."

"बरं," धाकटी म्हणाली. काटा शून्यावर आला तसे तिने हातमोजे चढवले आणि झाकण उघडलं. त्या बोलण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि मॅडमना तेच बरं वाटलं.

का बरं वाटलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. धाकटीच्या टेबलावरच्या कामात त्यांना लक्ष घालावं लागत नसे. बशांतले जंतू वाढवायच्या उबवणीच्या कपाटाचा वरचा कप्पा खालच्यापेक्षा गरम राहतो, हे तिनेच एकदा शोधून काढलं होतं. प्रत्येक कप्प्यात तापमापक ठेवून, नोंदी करून, तिने तो कप्पा वापरातून बाद करायला लावला. मान्यता-तपासणीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या कामाचं नाव घेऊन कौतुक केलं. कौतुक अर्थात प्रमुखांचं झालं. ती टेबलावर होती म्हणून मॅडम संध्याकाळी वेळेवर घरी जात होत्या. तिला वर चढवलं की ते टेबल रिकामं होणार होतं.

अर्ज आले, पण पाच वर्षं भरणारे जेमतेम तिघे. एक मुलाखतीला फिरकलाच नाही. दुसऱ्याने सगळी वर्षं एकच चाचणी केली होती. निर्जंतुक ठेवलेल्या कोऱ्या बशीत जंतूंची वाढ दिसली तर काय करशील, या प्रश्नावर तो म्हणाला, "साहेबांना बोलावेन." तिसरी बाई चांगली होती, पण तिला अर्धवेळ काम हवं होतं.

"आणखी कुणीच नाही?" मॅडमनी विचारलं.

समोर एचआरचा माणूस बसला होता. सगळी प्रयोगशाळा त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणायची आणि त्याला ते माहीत होतं. एकदा तर त्याने खरोखरची फूटपट्टी टेबलावर आणून ठेवली होती, कुणाला हवी असेल तर न्या म्हणून.

"चार वर्षं अनुभवाचा एक जण आहे," तो म्हणाला. "पाच नसूनही त्याने अर्ज केला. चाळणीत बादच होतो, पण काम वेगळं दिसलं म्हणून मी बाजूला काढून ठेवलाय."

मॅडमनी बायोडाटा वाचला आणि खुर्चीत सरळ बसल्या. या मुलाने एका छोट्या प्रयोगशाळेत नवी चाचणी स्वतः बसवली होती, तिची अचूकता सिद्ध करून दाखवली होती, तपासणीला स्वतः सामोरा गेला होता. त्यांनी त्याला बोलावलं. कोऱ्या बशीच्या प्रश्नावर तो म्हणाला, "आधी त्या दिवसाचे अहवाल थांबवेन. मग दूषितपणा कुठून आला ते शोधेन, बशीतल्या माध्यमातून, हवेतून की माझ्या हातातून." तो गेल्यावर मॅडम संचालकांच्या खोलीत, फूटपट्टीसमोरच, तावातावाने बोलल्या. इतकं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"वर्षं मोजून काय होतं? एकच वर्ष पाचदा केलेली माणसं आपण बघितलीच ना. याने चार वर्षांत सात वर्षांचं काम केलंय. पाच हा काही पवित्र आकडा नाही."

"आला कुठून तो?" फूटपट्टीने विचारलं.

"काय?"

"आकडा. आपल्या मान्यतेच्या नियमात वर्षं दिलेली नाहीत. कोणत्या कामाला काय पात्रता लागते ते प्रयोगशाळेने ठरवून लिहायचं असतं. ते तुम्ही लिहिलंय."

मॅडमना आठवावं लागलं. याच जागेवरून निवृत्त झालेले वरिष्ठ काका रुजू झाले तेव्हा त्यांची पाच वर्षं झाली होती. मॅडमनी त्यांचीच जुनी जाहिरात काढून तारीख बदलली होती. "जुन्यावरून," त्या म्हणाल्या.

"मग आता एक ठरवा. पाच ही अट आहे की अपेक्षा? अट असेल तर हा बाद, कितीही हुशार असो. अपेक्षा असेल तर ती सगळ्यांना सारखीच. चार वर्षंवाले आणखी काही अर्ज मी पहिल्याच चाळणीत काढलेत, ते परत बघावे लागतील. आणि ज्यांनी जाहिरात वाचून अर्जच केला नाही, त्यांचं काय?"

"त्यांचं आपल्याला कसं कळणार?" मॅडम म्हणाल्या.

वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांचे कान तापले. संचालक चष्मा पुसत होते. फूटपट्टी कागद जुळवत होता. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. भिंतीपलीकडे, धाकटीच्या टेबलावर, बशा एकावर एक ठेवल्याचा बारीक आवाज येत होता. त्यांना कळत होतं. एकीचं तरी पक्कं कळत होतं. सांगायला हीच वेळ होती, पण त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

संचालकांनी फूटपट्टीचं ऐकलं. जाहिरात दुरुस्त झाली. पाच वर्षांच्या जागी कामं आली: चाचणी बसवण्याचा, चुकीचा निकाल हाताळण्याचा, तपासणीला सामोरं जाण्याचा अनुभव, साधारण चार-पाच वर्षांच्या तोडीचा. वगळलेल्यांना कळवलं गेलं. त्या मुलाला थोडं थांबायला सांगितलं. नवी जाहिरात आतल्या फलकावरही लागली.

धाकटी फलकापुढे उभी राहून ती वाचत होती, हे मॅडमनी काचेतून पाहिलं. तिने ती दोनदा वाचली असावी. मग ती टेबलाशी गेली आणि बशांतल्या जंतूंच्या वसाहती मोजायला बसली. दिवसभरात नमुन्यांपलीकडे एक शब्द बोलली नाही. मॅडमही तिच्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. नमुने दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवले.

घरी नवऱ्याने विचारलं, "आज भाजीत मीठ नाही आणि तू मुकाट्याने खातेयस. कुणी मेलं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. ऑटोक्लेव्हपाशी काय म्हणाल्या तेही.

"मग त्यात काय, नियम होता, तू नियम सांगितलास."

"तिला नियम सांगितला. त्या मुलासाठी मात्र नियमाला नावं ठेवली."

नवऱ्याने पोळी मोडली. "तिचा राग होता का तुला?"

"राग असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "ती मला सोयीची होती." नवऱ्याने मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम धाकटीच्या टेबलापाशी गेल्या. "नवी जाहिरात बघितलीस?"

"बघितली."

"अर्ज कर."

धाकटीने मोजणीच्या पेनाला टोपण लावलं. "आता चार चालतात का, मॅडम?"

"चालतात."

"कधीपासून?"

आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच विचारल्यासारखं होतं. म्हणूनच उत्तर देणं जड गेलं. "बाहेरचा एक चांगला उमेदवार आला," मॅडम म्हणाल्या, "तेव्हापासून."

धाकटीने मान हलवली. "मी ताईला सांगितलं होतं, नियमच आहे, मॅडम तरी काय करणार. ती तुमच्यावर चिडली होती, मीच तिला गप्प केलं." मग तिने पुढची बशी भिंगाखाली घेतली. "करते अर्ज."

मॅडमनी माफी मागायची ठरवली होती. ती माफी मनातच राहिली. त्या 'बरं' म्हणून परतल्या.

मुलाखतीच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला संचालक, फूटपट्टी आणि मॅडम. प्रश्न सगळ्यांना तेच, क्रमही तोच, गुण लगेच लिहायचे, ही फूटपट्टीची शिस्त. धाकटी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. रोज बघितलेली मुलगी अनोळखी वाटत होती.

सुरुवातीलाच संचालकांनी सहज विचारलं, "तू तर इथलीच. मग पहिल्या वेळी अर्ज का नाही केलास? इच्छा नव्हती?"

धाकटीने एकदाच मॅडमकडे पाहिलं. "जाहिरातीत पाच लिहिलं होतं, सर. मला वाटलं, आपण बसत नाही."

"एवढ्यावरून मागे सरलीस? त्या मुलाने बघ, चार असूनही केला. वरिष्ठ माणसाने थोडं धाडस दाखवायला हवं."

"हो, सर," धाकटी म्हणाली. "चुकलं माझं."

तिने मॅडमचं झाकून घेतलं होतं. तिचे गुण जात होते आणि ती झाकून घेत होती. मॅडमना आपल्या पायाखालची फरशी फार स्पष्ट दिसू लागली, फरशांमधली रेघ, रेघेतला मळ.

"तिचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "तिने मला विचारलं होतं. मीच सांगितलं, पाच म्हणजे पाच, अर्ज करू नकोस."

फूटपट्टीने पेन खाली ठेवलं. "हे मागच्या बैठकीत माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर त्यांना धरायला काही तरी मिळालं असतं. "मग तुम्हाला गुण देता येणार नाहीत, मॅडम. हिला नाही आणि त्या मुलालाही नाही. बाहेर थांबाल का? त्याची मुलाखत आम्ही दोघं परत घेऊ."

त्या उठल्या. दारापर्यंतचं अंतर त्यांच्याच प्रयोगशाळेतलं, पण चालताना हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. बाहेर व्हरांड्यात प्रयोगशाळेचा मदतनीस भेटला, म्हणाला, "मॅडम, संपली मुलाखत?" त्या म्हणाल्या, "चालू आहे." त्याने बंद दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पुढे काही न विचारता निघून गेला. आतून धाकटीचा आवाज ऐकू येत होता, शब्द नव्हते.

त्या मुलाची फेरमुलाखत झालीच नाही. थांबून कंटाळला असावा, त्याने दुसरीकडे होकार कळवला आणि नम्रपणे माघार घेतली. उरलेल्यांत धाकटी बरीच पुढे होती. जागा तिला मिळाली.

नेमणुकीचं कळल्यावर तिच्या टेबलाभोवती सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी म्हणालं, आता हिला धाकटी कसं म्हणायचं, आणि सगळे हसले. तीही हसली. गर्दी पांगल्यावर ती मॅडमच्या खोलीत आली, दार ओढून घेतलं आणि उभीच राहिली.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या दिवशी, ऑटोक्लेव्हपाशी... मला माफ कर. नियमामुळे नव्हतं ते. तू माझ्या टेबलावरून जाऊ नयेस म्हणून होतं."

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. "मला दुसरंच विचारायचं होतं. तो मुलगा आला असता, तरी माझी निवड झाली असती का?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. हिने वेळेवर अर्ज केला असता तर दोघांची एकाच दिवशी, एकाच टेबलासमोर तुलना झाली असती, आणि याचं उत्तर आज असतं. तो मुलगा चांगला होता. हीही. हिची मुलाखत त्यांनी पुरती ऐकली नव्हती, आणि तोही परत आला नव्हता.

"झाली असती," असं म्हणणं सोपं होतं. ते खरं आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आता कुणालाच कळणार नाही. तेही माझ्यामुळेच."

"बरं," ती म्हणाली. ऑटोक्लेव्हपाशी म्हणाली होती तसंच ते नव्हतं, पण कसं होतं तेही मॅडमना ओळखता आलं नाही. मग ती जुन्या टेबलावर कुणाला शिकवायचं ते विचारू लागली, आणि मॅडमनी कागद पुढे ओढला, कारण हात कुठे तरी ठेवायला हवे होते.