बहुतांशी आंतरराष्ट्रीय

हिशेबमानक मंडळाच्या सचिवबाईंना मताचा अधिकार नव्हता. मतं सभासदांची, मसुदा बाईंचा, आणि चहा दोघांच्या मधल्या वेळेत. सहा वर्षं त्या एका वाक्यासाठी राबत होत्या. कंपनीच्या ताळेबंदाखाली छापायचं ते साधंच वाक्य होतं: हे हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आहेत. त्याला शेपूट नको, एवढाच त्यांचा हट्ट होता.

हे वाक्य हवं तर सगळ्यांनाच होतं. सरकारला परदेशी पैसा हवा होता, आणि परदेशी सावकार प्रत्येक देशाची वेगळी हिशेबपद्धत शिकत बसत नाही. जो ताळेबंद त्याला वाचता येत नाही, त्याला तो व्याज चढवून लावतो. बाहेर शाखा असलेल्या कंपन्या एकाच धंद्याची दोन दोन पुस्तकं लिहून मेटाकुटीला आल्या होत्या. म्हणून एकदाचं ठरलं, की जगाची मानकं आपली मानायची. वर्तमानपत्रात अग्रलेख आले. अध्यक्षांनी नवा कोट शिवला.

खरी गंमत पुढे सुरू झाली. आंतरराष्ट्रीय मंडळ मानक करतं ते चारचौघांत. आधी कच्चा मसुदा जाहीर होतो, जगभरातून पत्रं येतात, ती सर्वांना वाचायला मिळतात, उघड्या बैठकीत वाद होतो आणि ज्याला पटत नाही तो आपला विरोध कारणांसकट छापतो. बाईंच्या मंडळानेही तोच रस्ता धरला. मसुदा काढला, हरकती मागवल्या. आलेली सगळी पत्रं एकाच चुलीवरची होती. पहिल्या परिच्छेदात जागतिक मानकांना मनःपूर्वक पाठिंबा, दुसऱ्यात ‘मात्र’.

सभासदांमध्ये बँकांच्या प्रतिनिधीला बुडीत कर्जांचं कलम आणखी दोन वर्षं नको होतं. प्राध्यापक महाशयांना खऱ्या किमतीहून स्वस्तात विकत घेतलेल्या कंपनीचा फायदा नफ्यात धरणं असंस्कृत वाटत होतं. तो राखीव निधीत टाका, म्हणाले. उद्योगवाल्यांना परकीय कर्जाचं कलम खुपत होतं. आपलं चलन घसरलं की परकीय चलनातलं कर्ज फुगतं, आणि ती फूग त्याच वर्षीचा तोटा म्हणून दाखवा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. उद्योगवाल्यांचं म्हणणं, कर्ज दहा वर्षांचं, तर तोटाही दहा वर्षांत वाटून द्या. ऑडिटरांचा प्रतिनिधी गप्प होता. अपवाद जितके जास्त तितकी फी जास्त, हे त्याला न बोलता कळत होतं.

आता हे उद्योगवाले म्हणजे मुख्यतः बाईंचे दीर. कागद कारखान्याचे वित्तप्रमुख, उद्योग संघटनेचे चिटणीस आणि म्हणून मंडळाचे सभासद. यंत्रं परदेशी कर्जावर घेतलेली, आणि चलन त्या वर्षी सपाटून आपटलेलं. शिवाय कारखान्याचे शेअर बाईंच्या नवऱ्याकडे होते. निवृत्तीची जवळजवळ सगळी पुंजी धाकट्या भावाच्या भरवशावर. बाईंनी हे अध्यक्षांना लेखी कळवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला मत नाही, मग हितसंबंध कसला?

एका रविवारी भाऊजी जेवायला आले आणि हात धुतल्याबरोबर मुद्द्यावर आले.

“वहिनी, तो तोटा एकदम दाखवला तर शेअर झोपेल. घरातलेच पैसे आहेत, विचार करा.”

“विचार केलाय, भाऊजी. अपवाद घेतला तर ते वाक्य छापता येणार नाही. सगळी मानकं पाळली तरच ते लिहायचं, असा नियमच आहे.”

“मग ‘बहुतांशी’ लिहा. एका शब्दाने काय बिघडतं?”

नवरा भावाच्या बाजूने होता. बाईंनी ताटं उचलली. मनात मात्र त्या जाम भडकल्या होत्या, आणि थोड्या घाबरल्याही होत्या, कारण पैसे खरोखरच घरातले होते.

बैठकीत अपवाद पास झाला. जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ आपल्याच कंपन्यांना स्वतःची वेगळी मानकं लावते, मग आपणच का शहाणं व्हायचं, असा बिनतोड मुद्दा आला आणि हात वर झाले. बाकीचे दोन अपवादही त्याच गाडीत बसले. ‘बहुतांशी’ हा शब्द अध्यक्षांना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा उच्चारला.

मसुदा मात्र बाईंचा होता. परकीय कर्जाच्या कलमात त्यांनी दोन गोष्टी घातल्या. एक, हा अपवाद सक्तीचा नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा. दोन, जो घेईल त्याने पुढे ढकललेल्या तोट्याचा पूर्ण आकडा हिशेबाच्या शेवटी येणाऱ्या टिपांमध्ये द्यावा. दोन्ही कलमं मोठ्याने वाचून दाखवली. ऐच्छिक म्हटल्यावर भाऊजी खूश झाले. टिपांबद्दल कोणी ब्र काढला नाही, कारण टिपा वाचतं कोण?

पहिल्या वर्षी कारखान्याने अपवाद घेतला आणि नफा दाखवला. नवऱ्याने पेढे आणले आणि आणखी शेअर घ्यायचं काढलं. बाईंनी अहवाल उघडून त्याच्यापुढे धरला आणि शेवटची पानं वाचायला सांगितलं. तो म्हणाला, “तुझं ऑफिस घरी नको आणूस. नफा पहिल्या पानावर लिहिलाय की.” शेअर घेतले.

दुसऱ्या वर्षी कारखान्याला नवी यंत्रं हवी झाली. परदेशी सावकाराच्या अर्जात एक चौकोन होता: हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आहेत, होय की नाही. ‘बहुतांशी’साठी जागाच नव्हती. दुहेरी पुस्तकं लिहिण्याचा खर्च तर पुन्हा नको होता. बाकीच्या दोन अपवादांशी कारखान्याचा संबंध येत नव्हता. आड येत होता तो भाऊजींनी स्वतः भांडून आणलेला. बैठकीत तो सक्तीचा झाला असता तर तिथेच मान अडकली असती. ऐच्छिक होता म्हणून सोडता आला. त्यांनी तो सोडला, मागचे आकडे बदलले आणि सगळा तोटा एकदम उघडा पडला.

कर्ज मिळालं. शेअर मात्र झोपला.

भाऊजी जेवायला आले ते पडेल चेहऱ्याने. घास चिवडत त्यांनी सावकाराच्या माणसाशी झालेलं बोलणं सांगितलं. तोट्याबद्दल खुलासा करायला त्यांनी रात्रभर तयारी केली होती, पण त्याने विचारलंच नाही. गेल्या वर्षीच टिपेतून आकडा उचलून त्याने आपल्या हिशेबात धरला होता. बँकेनेही धरला होता. मोठ्या भागधारकांनी तेव्हाच शेअर विकून टाकले होते.

“विकले?” नवऱ्याने विचारलं. “घेतले कोणी?”

भाऊजींनी ताटात पाहिलं. नवऱ्याने मग बायकोकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग होता, आणि रागाहून जास्त लाज.

बाईंना खूप बोलता आलं असतं. ती टीप लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर सावकार नव्हता, बँकही नव्हती. अशांना आपली वाट कशी काढायची ते पक्कं ठाऊक असतं. टीप त्यांनी या एका माणसासाठी लिहिली होती, जो पहिलं पान पाहून पेढे आणतो. पण हे आता सांगून पैसे परत येणार नव्हते.

“भात वाढू का?” त्यांनी विचारलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी सुचवलं की हा अपवाद आता कोणीच वापरत नाही, तर काढून टाकू. उद्योग संघटनेचं विरोधाचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. जागतिक मानकांना मनःपूर्वक पाठिंबा होता. खाली भाऊजींची सही होती.