सहा व्यक्ती, ४०८ किलो

पद्मिनी पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये पाय ठेवायची आणि वर बसवलेली बेल कर्कश वाजू लागायची. दार उघडंच राहायचं. आत आधीच उभी असलेली चार माणसं आधी छताकडे बघायची, मग पद्मिनीकडे, आणि मग सगळी एकदम मोबाइलकडे. पद्मिनी "जा तुम्ही, मी येते" म्हणून मागे सरायची. तिने पाय काढला की बेल गप्प. एवढ्या स्वच्छ पुराव्यापुढे कोण काय बोलणार?

पद्मिनीचं वजन ब्याण्णव किलो होतं. ते तिने कधी लपवलं नव्हतं आणि लपणारही नव्हतं. शहराच्या जुन्या वस्तीत, बूढापाऱ्यात भाड्याच्या घरात राहत होती तोवर त्याची कुणाला पंचाईत नव्हती. नव्या राज्याची राजधानी झाल्यावर रायपुरात जिकडेतिकडे इमारती उठल्या, तिनेही हौसेने या सहा मजली इमारतीत फ्लॅट घेतला. इथली सात-आठ मराठी बिऱ्हाडं, बाकी सगळे इकडचे तिकडचे. दोन वर्षं सगळं गुण्यागोविंदाने चाललं. बेलची भानगड सुरू झाली ती दिवाळीनंतर.

बेल कधीकधी पद्मिनी नसतानाही वाजे. पण तेव्हा लोक "बिघडली वाटते" म्हणत आणि एखादा बाहेर निघे. पद्मिनी असली की बेल बिघडलेली नसे, बरोबर असे. माणसांचं असंच असतं. कारण डोळ्यांपुढे धडधडीत उभं असल्यावर दुसरं शोधायला कोण जातो?

लोकांचं तिने फार मनावर घेतलं नसतं. सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात ती डिस्पॅच ऑफिसर होती. दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत घालणारी बाई शेजाऱ्यांच्या नजरेने विरघळत नाही. पण एक दिवस सकाळी लिफ्टची वाट बघताना तिची दहावीतली मुलगी निधी हळूच म्हणाली, "मम्मी, आप अगली वाली में आ जाना ना. मेरी बस छूट जाएगी."

निधीला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. पद्मिनीला त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी मात्र ते हिंदी तिला झोंबलं. "जा नं," ती म्हणाली आणि जिन्याने उतरली. त्यानंतर ती रोजच जिन्याने उतरू लागली. चढतानाही जिनाच. गुडघे कुरकुरत होते आणि ती त्यांना दटावत होती.

मग खाली नोटीस लागली. रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग. विषय होता : सरासरीपेक्षा अधिक वजनाच्या सभासदांनी गर्दीच्या वेळी लिफ्टचा वापर टाळण्याबाबत. सेक्रेटरी दिवाकररावांनी मोठ्या मुत्सद्दीपणाने नाव टाळलं होतं. नाव घालून लिहिलं असतं तर एवढं स्पष्ट झालं नसतं.

त्या आठवड्यात कारखान्याच्या वजनकाट्यावर एक जुना, ओळखीचा ट्रक आला. मालकाने गाडीच्या हौद्याला आतून जाड लोखंडी पत्रा मारून घेतला होता. रिकामी गाडी काट्यावर चढली आणि आकडा दर वेळेपेक्षा बराच वर गेला. पद्मिनीने त्या हिशोबाने सळई कमी भरायला सांगितली. ड्रायव्हर भडकला.

"मॅडम, गाडी वही, नंबर वही. माल कम क्यों?"

"गाडीचं कुल वजन कागदावर ठरलेलं आहे न भैया," ती म्हणाली, "तुमची गाडीच जड झाली तर माल कमीच बसेल. पत्रा फुकट थोडीच जाते."

बोलता बोलता ती थांबली. ड्रायव्हरला वाटलं बाई विरघळल्या, पण बाई भलत्याच ठिकाणी पोचल्या होत्या. दिवाळीत लिफ्टमध्ये काय झालं होतं ते तिला आठवलं.

दिवाळीत सोसायटीचे अध्यक्ष नीलकंठराव यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ लिफ्टला ग्रॅनाइट दान केलं होतं. देवळात, धर्मशाळेत फरशी देतात, मग आपण रोज जिथे उभे राहतो तिथे का नको, असा त्यांचा विचार. लिफ्टमधलं पातळ रबरी मॅटिंग काढून खाली सिमेंट-वाळूचा थर दिला, त्यावर काळं ग्रॅनाइट बसवलं. आईच्या नावावर पाय पडू नये म्हणून नाव फरशीवर न कोरता मागच्या भिंतीला वेगळी दगडी पाटी लावली : कै. सुशीलाबाई यांच्या स्मरणार्थ. उद्घाटनाला पेढे वाटले होते. पद्मिनीनेही दोन खाल्ले होते. पाथरवटाने काम नेटकं केलं, पण लिफ्ट कंपनीला विचारावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. देवाधर्माच्या कामाला कोण इंजिनियरला विचारतो?

पद्मिनीने मीटिंगआधीच लिफ्ट कंपनीच्या गौतम नावाच्या सर्व्हिस इंजिनियरला फोन केला. तो मूळचा गोंदियाचा, रायपूरच्या ऑफिसात होता. ग्रॅनाइट ऐकताच त्याने "अरे बाप्पा" म्हटलं आणि रविवारी टेम्पोत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं घालून, एका मदतनिसासह स्वतःच आला.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. निधीही मैत्रिणींबरोबर जिन्याच्या पायरीवर बसली होती. दिवाकररावांनी घसा साफ करून विषय वाचला आणि पद्मिनी सोडून सगळीकडे पाहिलं.

"लिफ्टच्या पाटीवर सहा व्यक्ती लिहून आहे," ते म्हणाले. "पण पाचव्याच माणसाले बेल वाजून राहिली. आता यात कोणाचा अपमान नाही, पण..."

"सहा व्यक्ती हे नंतरचं आहे साहेब," गौतम म्हणाला. "आधी किलो. ही लिफ्ट चारशे आठ किलोची. एका माणसाचं सरासरी अडुसष्ट किलो धरायचं आणि भागायचं. सहा आले म्हणून सहा लिहिलं. लिफ्टले डोकी मोजता येत नाही, तिले फक्त वजन समजते. एक ब्याण्णवचा असला अन् बाकीचे साठ-बासष्टचे असले तरी पाच जण आरामात चारशे आठच्या आत बसतात."

"मग बेल काहून वाजते?" कुणीतरी विचारलं.

"तेच पाहू."

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवलं. आत कुणी नव्हतं. गौतमचा माणूस दाराबाहेर उभा राहूनच एकेक वजन आत ग्रॅनाइटवर हलकेच ठेवू लागला. सगळे खुर्च्या सोडून दाराशी गोळा झाले. पद्मिनी मात्र लांब, टेम्पोपाशी उभी राहिली. आपण चुकलो तर काय? बेल चारशेपर्यंत गप्प राहिली तर मग खरोखर आपणच.

"चारशेपर्यंत वाजायले नाही पाहिजे," गौतमने बजावलं. "वीस वजनं. एकविसाव्याले वाजली तर मशीन बरोबर."

दोनशे झाले. अडीचशेच्या पुढे गेले. चौदावं ठेवलं तरी बेल गप्प. माणसाने पंधरावं वजन ठेवलं, तीनशे झाले, आणि बेल कडाडली.

आणि सगळ्यांनी वळून पद्मिनीकडे पाहिलं.

ती पंधरा पावलं लांब उभी होती, हातात भाजीची पिशवी. आत फक्त लोखंड होतं. तरी सवयीने सगळ्या माना तिकडेच वळल्या. निधीचीही वळली. आधी दिवाकररावांच्या लक्षात आलं आणि त्यांनी छताकडे पाहिलं, मग एकेक मान खाली गेली. बेल तेवढी वाजत राहिली. शेवटी गौतमने एक वजन उचलून बाहेर घेतलं आणि ती गप्प झाली.

"फरशी, खालचा मसाला अन् मागची पाटी मिळून एकशे दहाएक किलो असेल," तो म्हणाला. "वजन मोजणारं यंत्र लिफ्टच्या पिंजऱ्याच्या तळाखाली असते. त्याले दगड काय, माणूस काय, सारखंच. चारशे आठमधून तेवढं गेलं. उरले तीनशेहून कमी. त्याले अडुसष्टनं भागा, चार माणसं."

दिवाकरराव लगेच सावरले. "मग बेल थोडी पुढे सरकवून द्या नं. स्क्रू-बिक्रू असेल."

"सेटिंग बदलता येते, पण मी नाही बदलणार," गौतम शांतपणे म्हणाला. "बेल गप्प होईल, वजन कमी नाही होणार. पिंजऱ्याच्या उलट बाजूले लोखंड लटकते. रिकामा पिंजरा अधिक निम्मा भार, एवढं धरून ते घातलेलं आहे. मोटर, ब्रेक, दोर, सगळं त्याच हिशोबाचं. तुम्ही पिंजराच जड केला. एक तर दगड काढा, नाही तर सहाच्या पाटीवर चार लिहा. काढेपर्यंत मी आजच चारचा कागद लावून जातो."

आता सगळे नीलकंठरावांकडे बघू लागले. बघायला कुणीतरी लागतंच. नीलकंठराव साठीचे, पांढरा शर्ट घातलेले, बराच वेळ आत मागच्या भिंतीवरच्या नावाकडे बघत होते. दगड काढा म्हणायची कुणाची छाती होईना.

"माही माय चाळीस किलोची होती," ते शेवटी म्हणाले. "दवाखान्यात उचलून नेलं तं मी एकट्यानं नेलं. साऱ्या जन्मात तिनं कोणाची जागा अडवली नाही." "काढून टाका. नाव खाली गेटजवळ लावू." मग ते पद्मिनीसमोर आले, हात जोडले आणि वर निघून गेले. जिन्यानेच गेले.

दिवाकररावांनी विषय तहकूब केला. पद्मिनीला वाटलं होतं, खरं ठरल्यावर छाती फुगेल. तसं काही झालं नाही. एवढ्या माणसांनी एकदम वळून पाहिलं होतं, ते तिच्या अंगावरून जाईना.

पाथरवट आठवड्याभराने मिळणार होता. तोवर पाटीवर चारचा कागद. सोमवारी सकाळी पद्मिनी आपला ऑफिसचा डबा घेऊन बाहेर आली तेव्हा लिफ्ट पाचव्या मजल्यावर उभी होती. आत वरच्या मजल्यावरचे तिघं, चौथी निधी, दप्तर पोटाशी धरून. पद्मिनी जिन्याकडे वळली.

"थांब नं आई." मागून आवाज आला, आणि दार बंद व्हायच्या आत निधी बाहेर आली. "मी पण येते."

"बस निघून जाईल तुझी."

"जाऊ दे."

दोघी उतरू लागल्या. पद्मिनी कठडा धरून, निधी एक पायरी मागे. तिसरा मजला आला तेव्हा निधी बोलू लागली. निधीचं मराठी दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं अवघडलेलं होतं, तरी ती ते सोडेना.

"तुले राग आला होता का? सगळ्यांचा?"

"हव."

"माझा पण?"

पद्मिनी थांबली. गुडघ्याला विसावा हवा होता, असं तिने स्वतःला सांगितलं.

"तुझा सगळ्यात जास्त," ती म्हणाली, आणि हातातला डबा निधीकडे देऊन पुढची पायरी उतरली.