पडद्याच्या दोन कड्या

माझ्या नाकावर राग असतो, हे मी कधी लपवलं नाही. पांडेसऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत आठवीच्या वर्गात बासष्ट पोरं. बाप बारा-बारा तास यंत्रमागाच्या संच्यावर, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवतेय, आणि पोरं मोकाट. त्यांना गोड बोलून कुणी शिकवून दाखवावं, मी त्याच्या पाया पडेन. रंजनाबाई मारते, असं लोक म्हणतात. म्हणेनात का! माझ्या वर्गाचा निकाल बघा आणि मग बोला.

शहाण्णव सालच्या स्नेहसंमेलनाचं नाटक मीच लिहिलं होतं. जुलमी कोतवाल एका विणकराला पकडतो आणि त्याचा उजवा हात फोडून काढतो, बोटं मोडेपर्यंत. पण स्टेजवर मारामारी दाखवायची नाही, अशी आमचे मुख्याध्यापक काशिनाथ सर यांची सक्त ताकीद. म्हणजे विणकराला पडद्याआड न्यायचं आणि लोकांनी फक्त ऐकायचं. आदल्या वर्षी असंच केलं होतं, आतून एकानं ढोलकीवर थाप मारली, आणि सगळा मांडव खो-खो हसला. अगं आई गं! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. यंदा सर स्पष्ट म्हणाले, "रंजनाबाई, या वेळी लोक हसले, तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. गरबा बसवू." आठ वर्षं मी ते दरवर्षीचं नाटक जिवाच्या आकांतानं टिकवलं होतं. ते एका ढोलकीपायी जाऊ द्यायचं?

म्हणून आवाज आधीच टेप करायचे ठरले. माझ्या वर्गातल्या दीप्तीच्या वडिलांकडे, भाऊरावांकडे, दोन टेपरेकॉर्डर आणि वायरवाला एक माइक होता. जयंतीच्या गाण्यांच्या कॅसेटी ते स्वतः भरायचे. बमरोलीला त्यांची एक खोली, वर पत्रा. मी, दीप्ती आणि विणकराचं काम करणारा चेतन, असे आम्ही तिथं बसलो.

पहिल्या दिवसाची गंमत सांगते. दुपारभर घाम गाळून आम्ही ताटं आपटली, ट्रंक ढकलली, खाटेचे पाय ओढले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या शांत खोलीत कॅसेट लावली, तर सगळ्या आवाजांच्या बुडाशी खटखटखटखट! दीप्तीच्या भिंतीपलीकडे चोवीस संचे चालतात. तिथं बसलेल्या एकालाही ते ऐकू आले नव्हते. रोजचं झालं की कान ते धरतच नाहीत. चेतन फिदीफिदी हसला, तेव्हा त्याला दिली एक ठेवून.

मग गुरुवार धरला. गुरुवारी त्या भागात वीज बंद, म्हणून संचे बंद. टेप सेलवर चालवायचे. भाऊराव म्हणाले, "सेल नवेच घाला बाई. जुन्या सेलवर टेप हळू फिरतो, मग लायटीवर वाजवला की आवाज पळतो, चिरका होतो." माणूस शांत. संच्यापाशी वीस वर्षं काढून कान निकामी झालेले, त्यामुळे समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायचे.

दीप्तीनं दोरीवर गोधड्या टांगून माइकभोवती खोपटं केलं, म्हणजे पत्र्याखाली आवाज घुमणार नाही. पद्धत साधी होती. एका टेपात पहिला आवाज भरायचा. मग तो वाजवायचा, आणि तो वाजत असताना माइकसमोर दुसरा आवाज करायचा. दुसऱ्या टेपात दोन्ही एकत्र भरले जातात. पण दर वेळी वर 'सूंऽऽ' अशी खरखर चढत जाते, म्हणून तीन थरांच्या वर जायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा आवाज शेवटी घ्यायचा.

हाडं मोडायला बारडोलीकडचा ऊस आणला होता. त्याचं कांडं ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ कडाकन मोडलं, तर माझ्याच अंगावर काटा आला. मग मार. चेतननं उशीवर चप्पल हाणली. भद्द! मी म्हटलं, "मेल्या, कोतवाल मारतोय की गादी झटकतोय?" आणि पाठीत धपाटा घातला. तो कळवळला, "बाई, मना हात आधीच दुखस." सकाळी वर्गात पट्टी खाल्ली होती त्यानं, गृहपाठ नव्हता म्हणून.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली दीप्ती उठली. वर्गातली सगळ्यात मुकी पोर. तिनं परातीतला कणकेचा गोळा घेतला, तळहाताएवढा थापला आणि वर पाण्याचा हात फिरवला. सरपणातली एक चपटी ढलपी घेतली आणि हाणली. चट्!

मी जागच्या जागी बसले. तो आवाज उशीचा नव्हता, कणकेचाही नव्हता. हाताचा होता.

"असा पातळ लागतो, बाई," ती खाली बघत म्हणाली. "आणि नुसता मार घेऊन चालणार नाही. त्याच्या आधीचं घ्यावं लागेल. भीती आधीच्याची असते."

आधी तिनं पोळपाटावर ढलपीनं तीनदा ठोकलं. टक. टक. टक. सावकाश. मग पडद्याच्या दोन पितळी कड्या लाटण्यात घातल्या आणि लाटणं उभं-आडवं केलं. खळ्ळ. कड्या सरकल्या आणि थांबल्या. मी म्हटलं, "बांगड्या हव्यात तर काचेच्या घे की." ती म्हणाली, "काचेच्या नाही. हा आवाज जड असतो." मग दोन श्वास काहीच नाही. मग ढलपी हवेत फिरवून 'सुंऽ', आणि चट्!

"आता कुणी बोलू नका," ती म्हणाली. "मोठा आवाज झाला की टेप घाबरतो, क्षणभर कान पाडतो. मग हळूहळू बारीकसुद्धा ऐकायला लागतो." आणि त्या वेळात तिनं माइकला तोंड लावून नाकातून श्वास आत ओढला. रडू दाबताना ओढतात तसा. टेप पुन्हा लावला, तेव्हा तो श्वास खोलीभर मोठा होत गेला. असे सहा फटके, आणि शेवटी ऊस.

माझं डोकं सटकलं. चौदा वर्षांच्या पोरीला हे कुठून माहीत? आधी टकटक, मग जड काहीतरी सरकतं, मग मार. माझी नजर भाऊरावांच्या हाताकडे गेली. मनगटावर ढिल्या पट्ट्याचं स्टीलचं घड्याळ होतं. हात उचलला की ते खळ्ळकन कोपराकडे घसरायचं.

मी उभी राहिले. "लाज नाही वाटत? एवढ्या गरीब पोरीला ठोकून काढता? वर जयंतीची गाणी भरता?"

भाऊराव माझ्या ओठांकडे बघत राहिले. "काय म्हणतात बाई?" त्यांनी बायकोला विचारलं. रंभाबाई हातातलं काम टाकून पुढे आल्या. "ओ बाई, तोंड सांभाळा! आमच्या घरात पोरीला कुणी बोटसुद्धा लावत नाही. माझ्या बापानं मला गुरासारखं मारलं होतं. लग्नाच्या आधी मी यांना शपथ घातलीये."

"मग हिला कसं माहीत?" मी दीप्तीचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. "बोल ना गं! घाबरू नको. कोण मारतं? खरं बोल, नाहीतर दोन ठेवून देईन!"

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मला वाटलं, बापाच्या धाकानं वाचा बसलीये. मी मनाशी ठरवलं, संमेलन होऊ दे, मग या माणसाला चार लोकांत उभा करते. सोडत नाही.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम. शाळेची चारशे पोरं मांडवात बसलेली, पहिलीची पुढे. भाऊराव टेप घेऊन आले होते. मी एवढं बोलले तरी आले. टेप लाउडस्पीकरला जोडून बाजूला उभे राहिले. मी स्टेजच्या कोपऱ्यात. कोतवालानं चेतनला फरफटत पडद्याआड नेलं, आणि मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. गेलं नाटक, गेलं!

टक. टक. टक.

खुसखुस थांबली.

खळ्ळ.

आणि पाचवी ते आठवीच्या पोरांनी, ज्या ज्या वर्गाला मी शिकवते त्या वर्गांच्या पोरांनी, हात काखेत घातले. कुणी सांगितलं नव्हतं. एका वेळी. अडीचशे हात. पहिली-दुसरीची पोरं तशीच तोंड उघडी टाकून बघत होती, त्यांना काही कळलं नव्हतं. सातवीतला एक पोरगा तर हात जिभेनं ओला करून मग काखेत घालत होता.

चट्!

मांडवभर सगळ्यांचे खांदे उडाले. मग तो श्वास वाढत वाढत गेला. कुणी हसलं नाही. ऊस मोडला तेव्हा आठवीतली एक मुलगी मोठ्यानं रडायला लागली.

"वा, रंजनाबाई!" काशिनाथ सर टाळ्या वाजवत आले. "नाटक वाचवलंत तुम्ही! काय परिणाम आहे!"

मला त्यांचं पुढचं ऐकूच आलं नाही. भाऊराव माझ्याकडे बघत होते. त्या माणसाला टेपातलं अक्षर ऐकू आलं नसेल, पण त्यांनी पोरांचे हात पाहिले होते. आता ते माझे हात बघत होते. मी खाली पाहिलं. मागची खुसखुस ऐकून मी, वर्गात टेबलावर ठोकते तशी, स्टेजच्या खांबावर फूटपट्टी ठोकली असणार, कारण ती माझ्या उजव्या हातात होती. आणि आईनं दिलेल्या माझ्या दोन सोन्याच्या पाटल्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या. मारताना त्या मधे येतात. मी त्या कधी सरकवते, मला माहीतच नाही. आठ वर्षांत मला त्यांचा आवाज एकदाही आला नव्हता.

पट्टी माझ्या हातून पडली. मी म्हटलं, "दीप्ती, इकडे ये."

मला तिला एवढंच विचारायचं होतं, की अगं, तू मला सांगितलं का नाहीस. शपथेवर सांगते, एवढंच.

ती बाकावरून उठली, सगळ्या मांडवासमोर चालत आली. माझ्यासमोर उभी राहिली. खाली वाकून तिनं पट्टी उचलली, ती माझ्या हातात दिली. मग डोळे घट्ट मिटून तिनं उजवा तळहात पुढे धरला.