निळा माइक

जिजाबाईंना लिहिता यायचं नाही, पण बोलायला त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पेणकरपाड्यातल्या जमिनीवर बिल्डिंग उठली, सासरच्यांची भातशेती तिच्याखाली गेली आणि त्यांच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. नवरा गेला, मुलगा हृतिक नोकरीसाठी बंगळुरूला गेला. उरल्या जिजाबाई आणि त्यांचा मोबाइल.

मुलाला त्या रोज व्हॉइस नोट पाठवायच्या. पाठवलेल्या नोटेखालच्या दोन टिक निळ्या झाल्या की समोरच्यानं बघितलं, एवढं त्यांना नणंदेच्या नातीनं शिकवलं होतं. तारोडीच्या नणंदेला, गोदूबाईंना, काही पाठवलं की टिक निळ्या व्हायच्या. हृतिकच्या मात्र कायम करड्या. पहिल्यांदा जीव तुटला. मग हळूहळू जिजाबाईंनी मनाशी धरून टाकलं, हा काही ऐकत नाही.

आणि ऐकत नाही म्हटल्यावर त्यांची जीभ सुटली. रविवारी हृतिकचा फोन यायचा. तो विचारायचा, "बरी आहेस ना?" त्या म्हणायच्या, "मजेत हाय." फोन संपायचा. खरं काय ते नोटेत. "आज अख्ख्या दिवसात कोनाशी बोलले न्हाय रे. लिफ्टमधली बाई नुस्ती हसली, तेवढंच." "भात दोघांचाच टाकते अजून, हाताला सवय हाय." "रातीला भ्या वाटतं. मी मेले तर कोनाला कलंल?" पोराला तोंडावर हे बोलल्या असत्या तर लाजेनं मेल्या असत्या. करड्या टिकांना सांगायला लाज कसली?

एक दिवस मोबाइलची मेमरी भरली. खालीच विनिताचं मोबाइलचं दुकान होतं. विनितानं जुने फोटो उडवले, मग हृतिकची चॅट उघडली.

"मौशी, ह्या इतक्या नोट्स ठेवायच्या?"

"काढून टाक सगल्या. त्यो कुठं ऐकतोय."

"अरे, असं कसं? सगळ्या ऐकल्यात त्यानं."

जिजाबाई हसल्या. "टिक बघ की, करड्या हायत."

"टिक सोडा. त्यानं सेटिंगमध्ये रीड रिसीट बंद केली असेल, ऑफिसवाले करतात ना. मग टिक निळी होतच नाही. पण व्हॉइस नोट प्ले केली ते लपत नाही. हा फोटोजवळ छोटा माइक बघा. समोरच्यानं प्ले केलं नाही तर करडा राहतो. प्ले केलं की निळा." विनितानं बोटानं चॅट वर सरकवली. "सगळे निळे. पूर्ण ऐकली का अर्धी, ते नाही कळत. पण प्ले तर केलीच आहे."

तो निळा माइक जिजाबाईंनी रोज पाहिला होता. शोभेला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

घरी येऊन त्या पलंगावर बसून राहिल्या. त्याला भात माहीत होता. त्याला भीतीही माहीत होती. आणि तरी दर रविवारी तो "बरी आहेस ना?" एवढंच विचारत होता. तो ऐकत नाही असं वाटत होतं तेव्हा निदान त्याला काही ठाऊक नाही, असं म्हणता येत होतं. आता त्यांना खरंच एकटं वाटलं.

रविवारी फोन आला. "बरी आहेस ना?"

"न्हाय," जिजाबाई म्हणाल्या. "आनि तुला ठाव हाय. माइक निला दिसतोय मला."

हृतिक म्हणाला, "रोज ऐकतो, आई. झोपायच्या आधी."

"मंग बोलत का न्हायस?"

"काय बोलू? फोनवर तू मजेत म्हणतेस. मला वाटलं, मी काही विचारू नये असंच तुला वाटतं. आणि विचारलं असतं, तर तू बोलायची बंद झाली असतीस. मग मला तुझं काय कळलं असतं?"

गणपतीत नक्की येतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं मोबाइल घेतला, माइकवर अंगठा दाबला. सांगायला होतं खूप. पहाटे छातीत धडधडलं होतं, उठून दाराची कडी काढून ठेवली होती, कुणाला आत येता यावं म्हणून. पण आता पलीकडे पोरगा बसला होता, कान देऊन. झोपायच्या आधी ऐकेल, मग त्याला झोप लागायची नाही. त्यांनी घसा साफ केला.

"जेवले रे. मजेत हाय," त्या म्हणाल्या आणि अंगठा उचलला.

त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. या वेळी त्यानं झोपायची वाट बघितली नाही. माइक लगेच निळा झाला.