हसरी नको

माझ्या दादाला दोन गोष्टी उत्तम जमतात. एक, उंटावरून शेळ्या हाकणं. दुसरी, शेळ्या हरवल्या की उंटाला शिव्या देणं. बाकी माणूस टापटिपीचा. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून गाडीत पाठ न टेकता बसतो.

आजारी माणसांपाशी राहायला बायका पुरवायचं काम आईने आमच्या पुढच्या खोलीत सुरू केलं. कोणाला म्हातारीला न्हाऊ घालायला बाई हवी, कोणाला ऑपरेशननंतर रात्रीची सोबत हवी. आईपाशी एक फोन, एक खुर्ची आणि भरपूर स्मरणशक्ती होती. एवढ्यावर तिने वर्षानुवर्षं धंदा चालवला. मग ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दादा "मी बघतो आता" म्हणत आला. बघतो म्हणजे खरंच नुसता बघतो. त्याने पुढच्या खोलीत काचेचं पार्टिशन घातलं, स्वतः पलीकडे बसला आणि एक सिस्टिम विकत घेतली. बाईचं नाव निवडलं, घर निवडलं, की पत्ता आणि वेळ तिला आपोआप मेसेजने जाणार. कल्पना वाईट नव्हती. दादाच्या कल्पना वाईट नसतातच, त्या फक्त दुसऱ्याने राबवायच्या असतात.

राबवायला मी होते. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे आकडे असलेली कुठलीही घाण माझ्याच दारात येते. एके सकाळी आईच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांची फाईल मला आली. सोबत दोन शब्द होते. क्लीन कर.

मी पार्टिशनच्या पलीकडे गेले. "क्लीन म्हणजे नक्की काय करू?"

"क्लीन म्हणजे क्लीन," दादा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "एकेक माणूस चार-चार वेळा आहे त्यात. डुप्लिकेट एकत्र कर."

"डुप्लिकेट कशावरून ठरवू? नाव सारखं असलं की नंबर सारखा असला? आणि एका माणसाचे दोन नंबर असले तर ठेवायचा कुठला?"

"तुला ना सगळं भरवायला लागतं," तो म्हणाला. "डोकं वापर."

जे स्वतः वापरत नाहीत ते ही वस्तू इतरांना फार सढळ हाताने सुचवतात.

फाईल उघडली तर दादाने ती आधीच एकदा उघडून, मान डोलावून, सेव्ह केलेली. नंबरांच्या सुरुवातीची शून्यं गळालेली आणि लांबलचक नंबरांच्या पोटात E घुसलेला. एक्सेलला वाटतं की फोन नंबर म्हणजे बेरीज करायचा आकडा. एकदा तसं वाटून फाईल सेव्ह झाली की शेवटचे अंक जातात ते जातातच. मी आईचा फोन घेतला, नव्याने यादी काढली, तिची मूळ फाईल बाजूला जपून ठेवली आणि नंबरांचा रकाना आकडा नव्हे, मजकूर म्हणून उघडला. दादाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, फाईल आता उघडतेय ना, मग झालं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण अवघड नव्हतं. एक नंबर अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावून, तोच दोन शून्यं लावून, तोच नुसतं एक शून्य लावून, तोच मध्ये आडव्या रेघा मारून. मी मोकळ्या जागा, रेघा, कंस काढले आणि सगळे मोबाईल एकाच साच्यात आणले. एका चौकटीत तिरकी रेघ मारून दोन नंबर कोंबले होते, ते वेगळे केले. घरचे फोन निराळे ठेवले, कारण गावाचा कोड नसेल तर दोन गावांतले दोन फोन जुळे भाऊ दिसतात. एवढं झाल्यावर खरे डुप्लिकेट आपोआप समोर आले. तीच बाई फोनमध्ये, सिमकार्डात आणि ईमेलच्या खात्यात, नाव एक आणि नंबर एक. त्या ओळी मी कोणाला न विचारता एकत्र केल्या.

उरल्या त्या ओळींनी मला थांबवलं. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, नंबर एकच. ही काही एकाच बाईची दोन नावं नव्हती. एका घरातल्या दोघी जावा आमच्याकडे कामाला होत्या आणि दोघींत एक फोन होता. नंबर जुळला म्हणून एक केल्या असत्या तर एक जाऊ हवेत विरली असती. मग आईची नावं. आई कोणाला खऱ्या नावाने लिहीतच नाही. 'उंच बाई रात्र नको', म्हणजे ती रात्रपाळी करत नाही. 'गाणारी मांजर नको', म्हणजे मांजराने हिला शिंका येतात. आणि मग 'हसरी नको' आणि 'हसरी', दोघींचे नंबर वेगवेगळे.

आईला त्रास द्यायचा नाही, असा दादाचा हुकूम होता. मी मागच्या खोलीत जाऊन त्रास दिला.

"हसरी नको म्हणजे काय गं? हसरी तर तुला आवडते."

आईने उशीवरून मान वळवली. "तो तिचा जुना नंबर. लांब सासरी होती तेव्हा काम मागायला त्यावरूनच फोन केला होता तिने. आता नवऱ्याकडे असतो तो. तिने घर सोडलं तेव्हा फोन त्याने ठेवून घेतला. शोधतोय तो तिला. मागे एकदा सापडली तर हात मोडला होता तिचा."

"मग काढून का नाही टाकलास नंबर?"

"काढला तर त्याचा फोन आल्यावर मला कळणार कसं?" आई म्हणाली. "नाव दिसलं पाहिजे. हसरी नको दिसलं की उचलायचा नाही."

मी इतकी वर्षं समजत होते की माणूस नंबर जपतो तो फोन करायला.

मी एक वेगळं पान केलं. ज्यांना चुकूनसुद्धा काही जाता कामा नये ते नंबर त्यावर घेतले आणि डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या नंबरांवर मेसेज पाठवू नको.' दादाला फाईल दिली आणि तोंडीही सांगितलं. "हे पान सिस्टिममध्ये घालायचं नाही. मेसेज बंद ठेवायची काही सोय आहे का तेवढं विचार, मग ठरवू. त्यात हसरीचा नवरा आहे."

"हो, हो," दादा म्हणाला. त्याचं हो हो म्हणजे समोरच्याने आता जावं.

मी जेवायला गेले. परत आले तेव्हा दादा खुर्चीत रेलून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अंगण झाडल्याचं समाधान होतं. "तुझं अजून कचऱ्यासारखंच होतं," तो म्हणाला. "नावांपुढे हे काय नको, नको, नको. सगळे नको उडवले. दोन्ही पानं एकाखाली एक चिकटवली, आधी नावावरून आणि मग नंबरावरून डुप्लिकेट काढले. तुला दोन दिवस लागले त्याला मला दोन मिनिटं लागली. उद्याच्या ड्युट्याही गेल्या."

मी त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. शोधा 'नको', त्याच्या जागी घाला काहीच नाही. माझं पान वर होतं आणि त्याच्या डोक्यावर माझ्याच ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'या नंबरांवर मेसेज पाठवू.'

'उंच बाई रात्र' हिला रात्रपाळी लागली होती. 'गाणारी मांजर' हिला तीन मांजरांच्या घरी पाठवलं होतं. धाकटी जाऊ गायब होती. आणि हसरी आता एकच होती. सारख्या नावांतली वरची ओळ राहते, खालची जाते, आणि वर होतं ते माझं पान. तिचा खरा नंबर गेला होता. उद्या सकाळी ती कोणत्या घरी, किती वाजता, कोणत्या मजल्यावर असणार, हे सगळं तिच्या नवऱ्याला कळवून झालं होतं.

"मेसेज परत घेता येतो?" मी विचारलं.

"कशाला? पोचलाय की." दादाने बोट ठेवून दाखवलं. "बघ, डिलिव्हर्ड."

मूळ फाईल होती म्हणून हसरीचा नंबर मला मिळाला. तिने फोन लगेच उचलला. "ताई, बरं झालं केलात. उद्याचा निरोप आलाच नाही मला." हसतच होती. मी झालं ते सांगितलं.

"म्हणजे या गावात आहे ते कळलं त्याला," ती म्हणाली.

"त्या घरी जाऊ नकोस. तुला दुसरं घर देते, लांबचं."

"लांबचं म्हणजे किती लांब, ताई?"

माझ्या हुशारीचा, माझ्या साच्यात बसवलेल्या नंबरांचा त्या क्षणी मला संताप आला.

सकाळी नवरा त्या घरी पोचला. मी त्या लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी साखळी लावून दार उघडलं आणि इथे कोणी नाही म्हणाले. तो जिन्यात बसून राहिला. पोलीस येईपर्यंत निघून गेला होता, पण आमचं नाव त्याला मेसेजमध्येच मिळालं होतं. दुपारी तो आमच्या पुढच्या खोलीत आला. काचेपलीकडे दादाने फोन कानाला लावला, जो वाजलेला नव्हता. मी उठले आणि त्याला "बाहेर हो" म्हणाले. तो जाताना दाराला लाथ मारून गेला.

तोवर हसरी गाव सोडून गेली होती. कुठे, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. शेवटचं एवढंच बोलली, "माझं नाव काढून टाका ताई तुमच्यातून. आईंना सांगा, त्यांच्याकडे होते तेवढे दिवस बरे गेले."

मी दादाला सांगितलं. ऐकून त्याने खांदे उडवले. "असला नवरा असलेली बाई धंद्याला धोकाच. सुंठीवाचून खोकला गेला." मग जरा विचार करून म्हणाला, "तो नंबर तेवढा काढून टाक हं. लिस्ट क्लीन पाहिजे."

आईला मी सगळं सांगितलं. हसरीचं नाव काढू का विचारलं तर नाही म्हणाली, राहू दे, परत आली तर.

तिच्या पलंगाशी बसूनच मी माझा फोन उघडला, एका नावापुढे एक शब्द जोडला आणि सेव्ह केलं. थोड्या वेळाने फोन वाजला. आईने मान उचलून स्क्रीन वाचली. 'दादा नको.'

"वाजू दे," आई म्हणाली.